ऑस्ट्रॉमबाईंचं ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ : युक्तिवाद, पुरावा आणि आपली खाजनं

गावकूस

कोमुनिदादीचा, म्हणजे गोव्यातल्या गावकारांच्या सामाईक जमीन-संस्थेचा, विषय निघाला की एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं नाव हमखास पुढे येतं. १९९० साली केंब्रिजने काढलेलं ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ हे त्यांचं पुस्तक. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हापासून हे पुस्तक म्हणजे तिसऱ्या प्रकरणातल्या आठ तत्त्वांची यादी, एवढंच लोकांच्या डोक्यात राहिलंय. पुस्तक खरोखर काय सांगतं, कशाच्या आधारावर सांगतं आणि ते आपल्या खाजनांना, म्हणजे खाडीकाठी बांध घालून भरतीपासून राखलेल्या शेतांना, लावलं तर कुठे बसतं, कुठे अडतं, यासाठी हा धागा.

आधी युक्तिवाद. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी लेख लिहिला होता. कुरण सगळ्यांचं असलं की प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडतो आणि शेवटी कुरणच संपतं. यावर उपाय दोनच : सरकारने ताबा घ्या, नाहीतर वाटून खासगी करा. ऑस्ट्रॉम या ‘दोनच’वर बोट ठेवतात. पहिल्याच प्रकरणात त्या दोन गुराख्यांचा एक छोटा खेळ मांडतात. दोघांनी मर्यादा पाळली तर प्रत्येकाला १०. एकाने पाळली आणि दुसऱ्याने मोडली तर मोडणाऱ्याला ११, पाळणाऱ्याला उणे १. दोघांनी मोडली तर दोघांनाही शून्य. दुसरा काहीही करो, मोडणंच फायद्याचं, म्हणून दोघेही मोडतात.

आता सरकार आलं आणि मर्यादा मोडणाऱ्याला २चा दंड ठेवला. मोडणाऱ्याचे ११ वजा २, म्हणजे ९ होतात. ९ हे १०पेक्षा कमी, त्यामुळे सगळे सरळ वागतात. हार्डिन इथे थांबतात. ऑस्ट्रॉम विचारतात, कोणी मोडली हे सरकारला कळणार कसं? समजा दहातल्या सात वेळा अपराधी बरोबर सापडतो आणि तीन वेळा दंड निरपराध्याच्या माथी बसतो. मग पाळणाऱ्याच्या हाती सरासरीने ९.४ राहतात आणि मोडणाऱ्याच्या हाती ९.६. दंड असूनही मोडणंच परवडतं. या आकड्यांत अचूकता ७५ टक्क्यांच्या वर गेली तरच सरकारी उपाय चालतो. बाहेरून आणलेल्या उपायाची सगळी मदार माहितीवर असते, आणि माहिती फुकट मिळत नाही. पुस्तकातला हा सगळ्यात भक्कम भाग.

मग प्रश्न असा उरतो की माहिती स्वस्तात कोणाला मिळते? इथे त्यांची उदाहरणं येतात. व्हॅलेन्सियाच्या पाटांवर पाणी पाळीने घेतात. ज्याची पाळी पुढची, तो आपल्या शेताच्या तोंडाशी वाट पाहत उभाच असतो, म्हणून आधीच्याने जास्त वेळ पाट उघडा ठेवला तर ते त्याला दिसतंच. पगारी राखणदार असतात, पण बरीचशी राखण अशी आपोआपच होते. तक्रार उरलीच तर दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दाराशी पाणी-न्यायालय भरतं. स्वित्झर्लंडच्या ट्योर्बेल गावात १५१७ सालचा नियम होता : हिवाळ्यात स्वतःच्या वैरणीवर जेवढ्या गाई पोसता येतील तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात सोडायच्या. गोठा आणि गवताची गंजी कोणालाही दिसते, तेव्हा नियम तपासायला काहीच खर्च नाही. असे स्वस्तात तपासता येणारे नियम लोक स्वतः घडवतात हे त्यांनी दाखवलं आणि ते नीट पटतं.

पुरावा मात्र मला मध्यम वाटतो. आठ तत्त्वं ज्या उदाहरणांतून काढली, ती खरी की खोटी हेही मुख्यतः त्याच उदाहरणांच्या तक्त्यावर दाखवलं आहे. टिकलेल्या व्यवस्था शतकानुशतकं जुन्या आहेत, तर मोडलेल्यांपैकी बऱ्याच विसाव्या शतकातल्या मच्छीमारीच्या किंवा सरकारी पाटबंधाऱ्याच्या आहेत. म्हणजे फरक तत्त्वांचा, काळाचा की सरकारी योजनेचा, हे वेगळं काढता येत नाही. सतराव्या शतकात मोडून पडलेली एखादी स्विस कुरणसंस्था या तक्त्यात येणारच नाही, कारण तिची कागदपत्रं ठेवायला कोणी उरलेलंच नाही.

एक गोष्ट लेखिकेच्या बाजूने सांगायलाच हवी. ही तत्त्वं आवश्यक अटी आहेत असं म्हणायला आपण अजून तयार नाही, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यांचा उल्लेख करणारे बहुतेक जण ते वाक्य गाळतात. पुढे २०१०मध्ये तिघा संशोधकांनी ९१ अभ्यास एकत्र करून तत्त्वं तपासली, ती बऱ्यापैकी उभी राहिली. फक्त पहिलं, दुसरं आणि चौथं तत्त्व प्रत्येकी दोन भागांत फोडावं लागलं. पहिल्याचे भाग होते माणसांची हद्द आणि साधनाची हद्द. आपल्या खाजनांत नेमका हाच फरक महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. जाणकारांनी लिहावं.

तिसवाडीकर

उत्तम परिचय. पण एवढं घोळवायची गरज नाही. बाईंचं म्हणणं सरळ आहे : सरकार बाजूला करा, गावाला सांभाळू द्या. गोव्याएवढं चांगलं उदाहरण त्यांना मिळालं नसतं. गावकरीचे, म्हणजे कोमुनिदादीच्या मूळ गावसंस्थेचे, रीतिरिवाज पोर्तुगिजांनी १५२६च्या फोराल नावाच्या सनदेत लिहून घेतले, म्हणजे व्यवस्था त्याआधीची. बांध, मानस म्हणजे बांधातलं दार, पावणी म्हणजे लिलाव, जोण म्हणजे गावकारांना मिळणारा उत्पन्नाचा वाटा, सगळं गाव बघायचं. १९६४चा कूळ कायदा आला, १९७६च्या दुरुस्तीने जमीन कुळाची झाली, कोमुनिदादीला बांधात रस उरला नाही आणि खाजनं बुडाली. सातवं तत्त्व काय सांगतं? गावाचा स्वतःची व्यवस्था घडवण्याचा हक्क वरच्या सत्तेने मोडू नये. तो मोडला. विषय संपला.

गावकूस

@तिसवाडीकर, सातव्या तत्त्वाचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, पण ‘सरकार बाजूला करा’ हे पुस्तकात नाही. कॅलिफोर्नियातल्या भूजलाचं प्रकरण पाहा. रेमंड खोऱ्यात पाण्याचा उपसा बेसुमार झाला तेव्हा १९३७ साली पॅसाडेना शहर कोर्टात गेलं. खोऱ्यात पाणी किती आणि कोण किती उपसतं, याची तपासणी कोर्टाने राज्याच्या जलखात्याकडे दिली. तो अहवाल समोर आल्यावर उपसणाऱ्यांनी आपसात तडजोड केली, १९४४च्या निकालाने ती पक्की झाली आणि देखरेखीला अधिकारी नेमला गेला. करार लोकांनी केला हे खरं, पण त्यासाठी कोर्ट लागलं, सरकारी मोजमाप लागलं आणि निकालाचं बळ लागलं. लेखिकेची डॉक्टरेटच त्या भागातल्या भूजलावर होती, त्यामुळे हे प्रकरण पुस्तकात सर्वांत बारकाईने आलंय. सरकार कुठल्या कामाला उपयोगी आणि कुठल्या कामाला नाही, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

आणि सातवं तत्त्व कधी मोडलं हे मागाहून सांगणं फार सोपं असतं. व्यवस्था टिकली तर सरकारने मान दिला म्हणायचं, मोडली तर ढवळाढवळ केली म्हणायचं. कोमुनिदादींवर पोर्तुगीज काळात प्रशासक होते, सरकारी देणी होती, संहिता होती. तरी त्या चालल्या. १९६१च्या संहितेपर्यंत एवढा हस्तक्षेप पचला आणि १९६४चाच का पचला नाही, हे सातवं तत्त्व सांगू शकत नाही.

खारजमीन

धागा वाचतोय. पुस्तकावर बोलायला माझ्यापेक्षा जाणते आहेत. मी मानशीबद्दल लिहितो, कारण आठ तत्त्वं कुठे अडतात ते तिथे दिसतं.

मानस म्हणजे बांधातला दगडी दरवाजा, त्याला लाकडी फळ्या. ओहोटीला नदीची पातळी खाली गेली की आतल्या पाण्याच्या दाबाने फळ्या बाहेर उघडतात आणि शेतातलं पाणी निघून जातं. भरती चढली की बाहेरच्या दाबाने त्याच फळ्या मिटतात. नीट बसवलेली मानस माणसाने हात न लावता दिवसातून दोनदा हे करते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की खाजनातलं मीठ पावसाच्या पाण्याने धुऊन याच दारातून बाहेर जातं आणि मग भात उभं राहतं. कोरगुटसारखं भात थोडा खार सोसतं, पण पीक उभं असताना भरतीचं पाणी आत येऊन साचलं तर तेही जातं.

आता याच दारात मासळी आहे. भरतीचं पाणी मुद्दाम आत घ्यायचं, ओहोटी लागली की दाराला जाळं लावायचं, पाण्याबरोबर बाहेर निघणारी सुंगटं आणि मासे जाळ्यात येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला सर्वांत जास्त. हा मासे धरण्याचा हक्क पावणीत जातो. जो घेतो त्याची मुदत ठरलेली, बहुधा वर्षाची. जितकं खारं पाणी आत घेईल आणि जितका वेळ धरून ठेवील तितकी त्याची कमाई. त्याच पाण्याने शेत मरतं, पण शेत त्याचं नाही आणि पुढच्या वर्षी मानस त्याच्याकडे असेलच असंही नाही.

आता ऑस्ट्रॉमबाईंचं चौथं तत्त्व लावा. राखण करणारा वापरणाऱ्यांना जबाबदार असावा किंवा त्यांच्यातलाच असावा. इथे राखण कोणाची? कूळ संघटनेची. १९७५च्या नियमांपासून बांधाची सामाईक जबाबदारी तिच्यावर आहे. आणि संघटनेला पैसा कुठून येतो? मानशीच्या पावणीतून. म्हणजे दार जास्त उघडं राहिलं तर ज्याने ओरडायचं, त्याच्याच पेटीत दार उघडं ठेवण्याच्या हक्काची रक्कम पडते. राखणदार गावातला आहे, निवडून दिलेला आहे, तत्त्वाच्या रकान्यात ‘हो’ लिहावं लागेल. पण फायदा उलट्या बाजूला आहे. व्हॅलेन्सियात पाळीची वाट पाहणाऱ्याचं स्वतःचं पीक अडलेलं असतं, म्हणून तो बघतो. इथे बघणाऱ्याला न बघण्याचे पैसे मिळतात.

बिघाड कसा ओळखायचा तेही सांगतो. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर मातीवर पांढरा थर दिसतो, बांधाच्या आतल्या अंगाला तिवराची रोपं उगवतात, फळ्यांच्या खाचेत दगड किंवा लाकडाचा तुकडा अडकवलेला सापडतो म्हणजे दार मिटू नये अशी सोय केलेली असते. खेकड्यांच्या बिळांतून पाणी पाझरू लागलं आणि दोन-चार भरत्या तसंच राहिलं की बांध फुटतो. फुटल्यावर प्रत्येक भरती-ओहोटीला तोंड रुंदावत जातं. पहिल्या दिवशी मातीच्या टोपल्यांनी बुजेल असं भगदाड महिन्याभराने यंत्राशिवाय बुजत नाही.

म्हापसेकरीण

नमस्कार. विषय कोमुनिदादीचा आहे म्हणून विचारते. आमचं घर कोमुनिदादीच्या जागेत आहे, सासऱ्यांच्या काळापासून. ना हरकत दाखल्यासाठी एका कार्यालयात अर्ज दिलाय, फाईल पुढे सरकत नाही. या पुस्तकात जागा नियमित करण्याबद्दल काही आहे का? की कोणत्या कलमाखाली अर्ज करायचा ते कोणी सांगू शकेल?

कुळाचा_नातू

ताई, पुस्तकात ते नाही. तुमचा प्रश्न जमिनीच्या हक्काचा आहे, इथे चर्चा सामाईक साधन सांभाळण्याची चालली आहे. तुम्ही वेगळा धागा काढा. त्यात घर कधीचं, मुंडकार म्हणून नोंद आहे का आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर कोणाचं नाव आहे एवढं लिहा, म्हणजे वकील मंडळी उत्तर देतील.

पण तुमच्या प्रश्नात या पुस्तकाबद्दलचा माझा मुख्य आक्षेप आलाय. पहिलं तत्त्व सांगतं, हद्द स्पष्ट हवी, आत कोण आणि बाहेर कोण हे ठरलेलं हवं. गावकरीत ते शंभर टक्के ठरलेलं होतं. गावकार बापाकडून मुलाकडे. मुलगी नाही. मुंडकार नाही. बांधावर चिखल वाहणारा आणि शेत कसणारा बहुतेक वेळा नाही. तिसवाडीकरांना ज्या व्यवस्थेचं कौतुक आहे, तिच्यात बांध घालणारा एक होता आणि जोण घेणारा दुसरा.

तिसरं तत्त्व म्हणतं, नियमांची झळ ज्यांना बसते त्यांतल्या बहुतेकांना नियम बदलण्यात भाग घेता यावा. मग गावकरी या तत्त्वात नापास होते, तरीही ती शतकं टिकली. म्हणजे एकतर तिसरं तत्त्व टिकण्यासाठी लागत नाही, किंवा ‘झळ बसणारे’ कोण हे मोजताना कुळं आणि बायका मोजायच्या नाहीत असं मानावं लागेल. पुस्तकात याचं नीट उत्तर नाही. जपानी डोंगरी गावांत घरटी एक माणूस मोजला जातो. घराच्या आत काय चाललंय, गवत कापायला कोण जातं आणि सभेत कोण बसतं, हा प्रश्न पुस्तक विचारतच नाही. भारतातल्या वनसमित्यांवर बिना अग्रवाल यांनी पुढे नेमकं हेच दाखवलं : समिती चालते, जंगल वाढतं आणि सरपणासाठी बाईला दुप्पट लांब जावं लागतं.

व्यवस्था टिकली म्हणजे ती यशस्वी, हा निकषच मला मान्य नाही. टिकली कोणाच्या जिवावर, हे त्याच तक्त्यात एका रकान्यात यायला हवं होतं.

आकडेमोड

गावकूस यांनी दिलेला खेळ मी थोडा पुढे नेला. ७५ टक्क्यांचा आकडा निसर्गनियम असल्यासारखा सांगितला जातो, तो तसा नाही. तो दंडाच्या रकमेवर ठरतो.

पाळणाऱ्याला चुकून दंड बसण्याची शक्यता आणि मोडणाऱ्याला बरोबर दंड बसण्याची शक्यता मिळून १ धरली (ऑस्ट्रॉम यांच्या उदाहरणात तसंच आहे), तर पाळणं परवडण्यासाठी लागणारी अचूकता अशी निघते :

```
y > 1/2 + 1/(2P)
```

P म्हणजे दंड. दंड २ असेल तर ०.७५. दंड ४ केला तर ०.६२५. दंड १० केला तर ०.५५. म्हणजे माहिती बरीच अंधुक असली तरी दंड भरमसाट वाढवून सरकार काम भागवू शकतं. निम्म्याच्या खाली मात्र कितीही दंड केला तरी उपयोग नाही, कारण मग पाळणाऱ्यालाच जास्त वेळा दंड बसतो.

हे हार्डिनच्या बाजूचं वाटेल, पण पुढचं पाहा. अचूकता ०.७ आणि दंड ४ असताना दोघेही नियम पाळतात, तरी प्रत्येकाच्या हाती १० नाही, ८.८ राहतात, कारण तीन दशांश वेळा निरपराध असूनही ४ भरावे लागतात. दंड १० केला तर हाती ७च उरतात. कुरण वाचतं आणि गुराख्याची कमाई दंडात जाते. त्यांच्या पाचव्या तत्त्वाला, म्हणजे पहिल्या चुकीला हलका आणि वारंवारच्या चुकीला चढता दंड, इथून गणिती आधार मिळतो. आश्चर्य हे की त्यांनी स्वतः तो या खेळातून काढला नाही, उदाहरणांतून काढला. युक्तिवाद आणि पुरावा यांची गाठ तिथे बांधता आली असती, ती राहून गेली.

पुस्तकाविरुद्धही एक सांगतो. त्यांच्या पर्यायी खेळात गुराखी आपसात करार करतात आणि तो राबवायला कोणीतरी नेमतात. एकमत झाल्याशिवाय करार होत नाही आणि राबवण्याचा खर्च दोघांत वाटला जातो. दोन सारख्या गुराख्यांत ते जमतं. खारजमीन यांच्या मानशीवर एक भातवाला आणि एक मासळीवाला आहे. त्यांचे आकडे सारखे नाहीत, तेव्हा कोणत्या करारावर एकमत व्हायचं हाच भांडणाचा विषय होतो. त्यासाठी या खेळात जागा नाही.

एमए_दुसरं_वर्ष

सर्वांना नमस्कार. माझा प्रबंध याच विषयावर करायचा विचार आहे. मी असं ठरवलंय : तिसवाडी आणि सासष्टीतली दहा खाजनं घ्यायची, प्रत्येकाला आठ तत्त्वं लावून हो किंवा नाही लिहायचं आणि बांधाची अवस्था बघायची. ज्याला जास्त ‘हो’ त्याचा बांध चांगला, असं निघालं तर ऑस्ट्रॉम बरोबर. चालेल का?

गावकूस

चालणार नाही, आणि का ते वर खारजमीन यांनी दाखवलंच आहे. मानशीला चौथ्या तत्त्वात ‘हो’ मिळेल आणि बांध तरी फुटलेला असेल. आठ रकाने, दहा गावं आणि निकाल दोनच प्रकारचा, एवढ्या तुटपुंज्या माहितीवर कुठलंही तत्त्व खरं किंवा खोटं ठरत नाही. या पुस्तकावरचा जुना आक्षेपच हा आहे की घटक फार आणि उदाहरणं थोडी.

तुम्ही एकच तत्त्व घ्या आणि तेवढंच बदललेली दोन खाजनं शोधा. एकाच नदीच्या एकाच पट्ट्यातली, म्हणजे भरती सारखी, माती सारखी, बाजार सारखा. एकात मासळीच्या पावणीचा पैसा संघटनेकडे जातो आणि दार उघडण्याचा अधिकारही पावणी घेणाऱ्याकडे आहे. दुसऱ्यात दार संघटनेच्या माणसाच्या हाती आहे आणि पावणी घेणारा फक्त जाळं लावतो. अशी जोडी मिळाली तर आठांपैकी एका तत्त्वाबद्दल तुम्ही काही खात्रीने म्हणू शकाल.

खारजमीन

त्यात भर घालतो. पावणीच्या अटींचा कागद आधी मागा. त्यात चार गोष्टी बघा : पीक उभं असताना खारं पाणी घ्यायला बंदी आहे का, अनामत किती, नुकसान झालं तर अनामत कोण आणि कोणाच्या सांगण्यावरून जप्त करतो, आणि गेल्या काही वर्षांत ती एकदा तरी जप्त झाली आहे का. चौथीचं उत्तर ‘कधीच नाही’ असेल तर पहिल्या तिन्ही अटी कागदावरच आहेत असं समजा.

दुसरं म्हणजे नदीकडूनही बघा. मांडवीच्या आणि कुंभारजुव्याच्या काठचे बांध लोहखनिजाच्या बार्जींच्या लाटांनी खचत, हे काठावरचा कोणीही सांगेल. २०१२ला खाणी बंद झाल्यावर ती वाहतूक काही काळ थांबली. बार्जवाला ना गावकार, ना कूळ, ना पावणीवाला. आठ तत्त्वांच्या कुठल्याच रकान्यात तो येत नाही, पण बांध त्याच्यामुळेही पडत होता. जोडी निवडताना एक खाजन बार्जमार्गावर आणि दुसरं आतल्या उपनदीवर असेल तर तुलनाच चुकेल.

तिसवाडीकर

@कुळाचा_नातू, बहिष्काराबद्दल तुम्ही म्हणता ते नाकारत नाही. पण एक सांगा. १९७६नंतर शेत कुळाचं झालं. कसणारा, मालक आणि संघटनेचा सभासद एकच झाला. म्हणजे तुमच्या हिशोबाने पहिलं आणि तिसरं तत्त्व आधीपेक्षा चांगलं बसायला हवं. झळ बसणारा आता आत आहे. मग बांध आधीपेक्षा चांगले का नाहीत? बहिष्कार गेला आणि व्यवस्थाही गेली, याचं तुमच्याकडे काय उत्तर?

कुळाचा_नातू

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की जमीन दिली, बांधाचा पैसा दिला नाही. आधी खंड आणि पावणी एकाच पेटीत यायची, त्यातून बांधाचा खर्च निघायचा आणि उरलेला जोण म्हणून वाटला जायचा. कायद्याने शेताचे तुकडे वेगवेगळ्या घरांच्या नावावर गेले, पण बांध एकच राहिला. पेटी रिकामी झाली, म्हणून संघटना मासळीवर येऊन अडली. दोष समानतेचा नाही, अर्धवट केलेल्या सुधारणेचा आहे.

आकडेमोड

दोघांचंही मान्य करून तिसरं एक कारण राहतंच. लेखिकेने पुस्तकाची व्याप्ती सुरुवातीलाच आखली आहे : साधन एका देशातलं, वापरणारे ५० ते १५,००० आणि मिळकतीसाठी त्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असलेले. आज खाजनातल्या किती घरांची चूल त्या भातावर पेटते? ज्याचा मुलगा बोटीवर किंवा पणजीत नोकरीला आहे, त्याच्या लेखी शेत पडीक राहिलं तर नुकसान अगदी थोडं. मग त्याने मानशीवर रात्री जाऊन भांडण का घ्यावं? अवलंबून राहणंच संपत आलं की काय होतं, हे पुस्तकाच्या आखलेल्या रेषेबाहेर पडतं. त्यामुळे आपण खाजनावर पुस्तक तपासतोय की पुस्तक जिथे बोलतच नाही तिथे त्याला बोलायला लावतोय, हे आधी ठरवायला हवं.

गावकूस

रेषेबाहेर पडतं हे खरं, पण मला ती पळवाट वाटते. ‘अवलंबून’ ही स्थिर गोष्ट धरली आहे, म्हणून हा तोटा. श्रीलंकेतल्या मावेल्लेचं प्रकरण त्यांनीच दिलंय : जाळी टाकायच्या पाळ्या सुरेख लावलेल्या होत्या, पण जाळ्यांच्या संख्येवरची मर्यादा टिकली नाही, राजकीय वशिल्याने नवी जाळी येत गेली आणि प्रत्येकाच्या वाट्याची कमाई घसरली. तिथे माणसं वाढली म्हणून व्यवस्था मोडली. आपल्याकडे माणसं कमी झाली म्हणून मोडते आहे. पहिल्या तत्त्वात दाराबाहेर लोक ठेवण्याचा विचार आहे, आतले लोक टिकवण्याचा नाही. माझ्या मते पुस्तकातली खरी उणीव ही, आणि पुरावा कुठून निवडला यातूनच ती आली आहे. टिकलेल्या गावांत लोक टिकलेले होते.

@आकडेमोड, तुमच्या सूत्रात हे बसवता येईल का? मोडण्यातला फायदा तोच ठेवून, पण राखण करणाऱ्याचा स्वतःचा तोटा कमी कमी करत नेला तर अचूकता कुठे घसरते?

आकडेमोड

बसेल, पण त्यासाठी राखणीचा खर्च आणि राखणदाराचं पीक हे दोन आकडे वेगळे घ्यावे लागतील. आत्ता अचूकता बाहेरून ठरलेली धरली आहे, ती मग राखणदाराच्या निर्णयातून यायला हवी. बसून करतो. खारजमीन, उधाणाच्या एका रात्री मानशीवर थांबायचं तर साधारण किती तास जातात, एवढं सांगाल का?

खारजमीन

भरती चढून फळ्या मिटेपर्यंत आणि पुढे ओहोटीला पाणी निघेपर्यंत थांबायचं तर सहा तासांच्या खाली नाही. आणि भरती रोज जवळजवळ पाऊण तास पुढे सरकते, तेव्हा माणसाची झोपेची वेळ रोज वेगळी मोडते. हिशोबात तासांबरोबर तेही घ्या.